प्रतिरोध-जनुकांच्या कॅसेटी प्लाझ्मिडवर कशा जमतात: आर100 या प्लाझ्मिडच्या आधाराने

प्रश्न: मूत्रमार्गाच्या संसर्गातून मिळालेल्या ई. कोलायच्या एका आयसोलेटवर आम्ही 5'-सीएस आणि 3'-सीएस प्रायमर लावले आणि सुमारे 1.6 केबीचा बँड मिळाला. संयुग्मनानंतर को-ट्रायमोक्साझोल आणि स्ट्रेप्टोमायसिन यांचा प्रतिरोध ग्राहक जिवाणूत एकत्रच गेला. इंटिग्रॉन स्वतः उडी मारतो का? नसेल, तर या कॅसेटी प्लाझ्मिडवर येतात कशा, आणि एकाच प्लाझ्मिडवर इतके प्रतिरोध का साठतात?

उत्तर: इंटिग्रॉन, म्हणजे जनुकांच्या कॅसेटी पकडून रांगेत ठेवणारी रचना, स्वतः उडी मारत नाही. त्याच्या इंटिग्रेजला एकच काम येते: कॅसेट एका ठरावीक स्थळी आत घेणे आणि तिथून बाहेर काढणे. पूर्ण इंटिग्रॉनला एका रेप्लिकॉनवरून, म्हणजे स्वतःची प्रत काढू शकणाऱ्या डीएनए-रेणूवरून, दुसऱ्यावर नेण्याचे काम ट्रान्सपोझॉनचा ट्रान्सपोझेज करतो, आणि प्लाझ्मिडला एका पेशीतून दुसऱ्या पेशीत नेण्याचे काम प्लाझ्मिडची स्वतःची संयुग्मन-यंत्रणा करते. ही तीन वेगळी यंत्रे आहेत, त्यांची विकरे वेगळी आहेत, त्यांचा वेगही वेगळा आहे. विद्यार्थ्यांचा बहुतेक गोंधळ ही तिन्ही यंत्रे एकच समजल्यामुळे होतो. म्हणून सर्वसाधारण व्याख्या देण्याऐवजी मी एकच जुने, पूर्ण अनुक्रम माहीत असलेले प्लाझ्मिड उलगडून दाखवतो. तुमच्या आयसोलेटमध्ये जे घडले असावे, त्याचे जवळपास सगळे टप्पे त्यात दिसतात.

हे प्लाझ्मिड म्हणजे आर100. जुन्या लिखाणात त्याला एनआर1 असेही म्हटलेले आढळते. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमध्ये आमांशाच्या साथींवर आधी सल्फोनामाइडे आणि नंतर स्ट्रेप्टोमायसिन, टेट्रासायक्लिन व क्लोरॅम्फेनिकॉल मोठ्या प्रमाणावर वापरली गेली. 1950च्या दशकाच्या मध्यापासून या चारही औषधांना एकदम दाद न देणारे शिगेला जिवाणू तिथे सापडू लागले. एकाच रुग्णाच्या विष्ठेत शिगेलाही तसाच प्रतिरोधक आणि ई. कोलायही तसाच प्रतिरोधक, असेही आढळत होते, आणि चार वेगवेगळी उत्परिवर्तने दोन वेगवेगळ्या जिवाणूंत एकाच वेळी घडली हे स्पष्टीकरण कोणालाच पटण्यासारखे नव्हते. 1959मध्ये ओचिआई आणि अकिबा यांच्या गटांनी दाखवले की हा प्रतिरोध पेशींच्या स्पर्शातून सगळाच्या सगळा एकत्र जातो. शिगेला फ्लेक्सनेरीतून मिळालेले आर100 हे त्याच काळातले प्लाझ्मिड. त्याची लांबी सुमारे 94 केबी आहे आणि ते आयएनसी-एफ2 या गटात मोडते. वरच्या चार औषधांखेरीज पाऱ्याच्या क्षारांचा प्रतिरोधही त्यावर आहे.

आर100वरील प्रतिरोधांपैकी टेट्रासायक्लिनचा प्रतिरोध टीएन10 या ट्रान्सपोझॉनवर वेगळ्या ठिकाणी बसलेला आहे. उरलेले चारही प्रतिरोध एकाच सुमारे 23 केबीच्या तुकड्यात आहेत, आणि त्या तुकड्याची रचना डब्यात डबा, त्यात आणखी एक डबा, अशी आहे. सर्वांत बाहेर दोन टोकांना आयएस1 या छोट्या घटकाची प्रत्येकी एक प्रत आहे. त्यांच्या मध्ये क्लोरॅम्फेनिकॉल-प्रतिरोधाचे जनुक आहे. म्हणजे हा मुळात टीएन9सारखा एक संयुक्त ट्रान्सपोझॉन आहे. त्याच्या पोटात टीएन21 हा सुमारे 19.7 केबीचा ट्रान्सपोझॉन शिरलेला आहे, आणि पाऱ्याच्या प्रतिरोधाची जनुके त्याची आहेत. टीएन21च्या पोटात सुमारे 11 केबीचा इन2 हा इंटिग्रॉन शिरलेला आहे, ज्यावर सल्फोनामाइड-प्रतिरोध आहे. आणि त्या इंटिग्रॉनमध्ये अवघ्या 856 बेस-जोड्यांची एक कॅसेट आहे, जिच्यावर स्ट्रेप्टोमायसिन आणि स्पेक्टिनोमायसिन निष्प्रभ करणाऱ्या विकराचे जनुक, aadA1, आहे. प्रत्येक थर वेगळ्या वेळी आणि वेगळ्या विकराच्या जोरावर आत आला आहे, आणि तो कसा आला याची खूण त्याच्या टोकांशी शिल्लक आहे. आपण आतून बाहेर जाऊ.

कॅसेट म्हणजे बहुतेक वेळा एकच जनुक आणि त्याच्या शेपटाला जोडलेले अ‍ॅट-सी नावाचे स्थळ, बस इतकेच. तिला स्वतःचे विकर नसते, प्रतिकृती सुरू करण्याची जागा नसते आणि सहसा स्वतःचा प्रवर्तकही नसतो. इंटिग्रॉनमधून सुटी झालेली कॅसेट बंद वर्तुळाच्या रूपात पेशीत वावरते, हे कॉलिस आणि हॉल यांनी 1992मध्ये दाखवले. पण असे वर्तुळ स्वतःची प्रत काढू शकत नाही, त्यामुळे ते कुठेतरी बसले नाही तर पेशी विभागत जाताना हरवते. बसण्याची नेहमीची जागा म्हणजे इंटिग्रेजच्या जनुकाला लागून असलेले अ‍ॅट-आय स्थळ.

इथली रसायनक्रिया नीट समजून घेण्यासारखी आहे, कारण पुढचे बरेच काही तिच्यावर अवलंबून आहे. इंटिग्रेज अ‍ॅट-आय हे स्थळ दुहेरी धाग्याच्या रूपातच ओळखतो, पण अ‍ॅट-सी मात्र तो एकेरी धाग्याच्या रूपात ओळखतो. अ‍ॅट-सीची लांबी साधारण 57 ते 141 बेसांची असते. वेगवेगळ्या कॅसेटींच्या अ‍ॅट-सींचे अनुक्रम एकमेकांशी फारसे जुळत नाहीत, पण त्या प्रत्येकाचा खालचा धागा स्वतःवर दुमडून केसपिनेसारखा आकार घेतो आणि इंटिग्रेज तो आकार वाचतो. दुमडलेल्या धाग्यात जोडी न जमल्याने बाहेर डोकावणारे काही बेस असतात. धागा वरचा की खालचा, हे विकराला त्यांच्यावरून कळते, आणि म्हणूनच कॅसेट नेहमी एकाच दिशेने बसते. अदलाबदल फक्त एका धाग्याची होते आणि उरलेले काम पुढच्या प्रतिकृतीत उरकते. दिशा ठरलेली असल्यामुळे इंटिग्रेजच्या जनुकातूनच सुरू होणारा पी-सी हा प्रवर्तक नवीन कॅसेटीला आपोआप वाचतो. जनुक आले आणि त्याच क्षणी चालू झाले, हे इंटिग्रॉनचे खरे सामर्थ्य आहे.

याला जोडून एक मर्यादा येते. नवी कॅसेट अ‍ॅट-आयपाशी, म्हणजे रांगेच्या तोंडाशी बसते आणि आधीच्या कॅसेटी मागे सरकतात. प्रवर्तक एकच असल्यामुळे मागच्या जनुकांची अभिव्यक्ती साधारणपणे कमी होत जाते. त्यामुळे अनुक्रमात कॅसेट आहे पण संवेदनशीलता-चाचणीत प्रतिरोध अंधुक आहे, असे दिसले तर ती रांगेत कितवी आहे आणि पी-सी कोणत्या प्रकारचा आहे हे आधी पाहावे. पी-सी इंटिग्रेजच्या जनुकाच्या आतच असल्यामुळे प्रवर्तक सबळ करणारे बदल इंटिग्रेजचे अमिनो आम्लही बदलतात, आणि सबळ प्रवर्तकाच्या काही प्रकारांत कॅसेट काढण्याची इंटिग्रेजची क्षमता घटलेली आढळते. ज्या रांगा जोरात वाचल्या जातात, त्या जागच्या जागी टिकूनही राहतात, याचे एक कारण इथे आहे.

एकेरी धाग्याची ही अट दुसऱ्या एका गोष्टीचा उलगडा करते. संयुग्मनात प्लाझ्मिड ग्राहक पेशीत एकेरी धाग्याच्या रूपात शिरते. त्या क्षणी अ‍ॅट-सीला दुमडायला मोकळीक मिळते. शिवाय एकेरी धागा पेशीत साठला की पेशीची एसओएस ही संकट-प्रतिक्रिया जागी होते आणि एरवी लेक्स-ए प्रथिनाने दाबून ठेवलेले इंटिग्रेजचे जनुक, intI1, मोकळे होते. लेक्स-एचा हा संबंध 2009मध्ये सिद्ध झाला. फ्लुरोक्विनोलोन आणि ट्रायमेथोप्रिमसारखी औषधेही एसओएस जागी करतात. म्हणजे इंटिग्रेज सतत काम करत नाही. प्लाझ्मिड नव्या पेशीत उतरताना किंवा औषधाचा मारा चालू असताना तो काम करतो. शांत वाढीत कॅसेटींची रांग जवळजवळ स्थिर असते, आणि म्हणूनच प्रयोगशाळेत काही पिढ्या वाढवून कॅसेटींची हालचाल पाहण्याचा प्रयत्न बहुधा रिकाम्या हाताने संपतो.

आता सल्फोनामाइडचे जनुक sul1. ते कॅसेट नाही, आणि हा मुद्दा प्रबंधांतही वारंवार चुकलेला दिसतो. त्याला अ‍ॅट-सी नाही, त्यामुळे इंटिग्रेज त्याला हात लावू शकत नाही. त्याच्या आधी असलेले qacEΔ1 हे मुळात जंतुनाशक-प्रतिरोधाच्या कॅसेटीचे जनुक होते. त्याचे शेपूट, अ‍ॅट-सीसकट, तुटून तिथे sul1 जोडले गेले. ती जोडणी एकदा झाली आणि तिथून पुढे पहिल्या वर्गाच्या असंख्य इंटिग्रॉनांची ती कायमची उजवी बाजू झाली. तुमचा 3'-सीएस प्रायमर याच भागावर चिकटतो. को-ट्रायमोक्साझोल म्हणजे सल्फोनामाइड आणि ट्रायमेथोप्रिम यांची जोडी, त्यामुळे तुमच्या आयसोलेटमधला त्याचा प्रतिरोध असा दोन भागांनी बनला असण्याची दाट शक्यता आहे: सल्फोनामाइडचा अर्धा इंटिग्रॉनच्या सांगाड्यावर आधीपासून पक्का, आणि ट्रायमेथोप्रिमचा अर्धा dfrA गटातल्या कॅसेटीच्या रूपाने नंतर आलेला.

आता पुढचा थर: पूर्ण इंटिग्रॉन टीएन21मध्ये शिरला कसा? इन2च्या दोन टोकांना 25 बेस-जोड्यांचे उलट-सुलट पुनरावर्तन आहे, आणि त्याच्या बाहेर दोन्ही बाजूंना तेच 5 बेस दुहेरी झालेले आहेत. ट्रान्सपोझेजने लक्ष्याचा धागा तिरका कापला की मधली फट भरताना असे बेस दुहेरी होतात, त्यामुळे हा थर ट्रान्सपोझिशननेच आला याची ती पक्की खूण आहे. ही टोके टीएन402 या कुळातल्या ट्रान्सपोझॉनाची आहेत. म्हणजे पहिल्या वर्गाचा इंटिग्रॉन कधीतरी टीएन402सारख्या घटकावर स्वार झाला आणि त्याच्या ट्रान्सपोझिशनच्या जनुकांनी तो फिरू लागला. या कुळाची एक खास सवय आहे: इतर ट्रान्सपोझॉनांचे आणि प्लाझ्मिडांचे, जोडले गेलेले रेणू पुन्हा सुटे करण्याचे जे रेझोल्यूशन-स्थळ असते, त्याच्या आसपास बसायला ते प्राधान्य देते. इन2 टीएन21मध्ये नेमका अशाच स्थळाजवळ, त्याला लागून असलेल्या एका वाचनचौकटीत, सापडतो. सायबेरियाच्या कायम गोठलेल्या जमिनीतून मिळालेल्या एका स्यूडोमोनासमध्ये टीएन5060 नावाचा ट्रान्सपोझॉन आहे आणि त्याचे वर्णन 2003मध्ये प्रसिद्ध झाले. पाऱ्याची जनुके आणि ट्रान्सपोझेज असा त्याचा सांगाडा टीएन21शी अतिशय जुळतो, पण इंटिग्रॉन त्यात नाही आणि ती वाचनचौकट अखंड आहे. इंटिग्रॉन येण्याआधीचे टीएन21 कसे दिसत असेल, याचे इतके स्वच्छ उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

पण इन2 आज स्वतःच्या बळावर हलू शकत नाही. टीएन402च्या ट्रान्सपोझिशनला लागणाऱ्या चार जनुकांपैकी एक त्यात पूर्ण आहे, दुसरे अर्धवट तुटलेले आहे आणि उरलेली दोन गेलेली आहेत. शिवाय आयएस1326 आणि आयएस1353 हे दोन घटक वाटेत घुसलेले आहेत. टोके शाबूत असल्यामुळे पेशीत दुसरीकडे पूर्ण संच असेल तर त्याच्या मदतीने तो कदाचित सुटेल, पण नेहमीच्या परिस्थितीत तो टीएन21च्या पोटात अडकलेला प्रवासी आहे. रुग्णालयांतून मिळणाऱ्या पहिल्या वर्गाच्या बहुतेक इंटिग्रॉनांची अवस्था अशीच असते. म्हणून ‘इंटिग्रॉन हे हलणारे घटक आहेत’ हे वाक्य मी विद्यार्थ्यांना अहवालात लिहू देत नाही; तो कोणत्या घटकावर बसलेला आहे ते लिहावे लागते.

टीएन21 मात्र उत्तम हलतो. तो टीएन3च्या कुळातला आहे. त्याची टोके 38 बेस-जोड्यांची आहेत आणि त्याची हालचाल प्रत काढून होते. ट्रान्सपोझेज दाता रेप्लिकॉन आणि लक्ष्य रेप्लिकॉन एकत्र जोडतो, आणि या जोड-रेप्लिकॉनमध्ये टीएन21च्या दोन प्रती एकाच दिशेने तोंड करून असतात. मग रेझॉल्व्हेज हे दुसरे विकर दोन्ही प्रतींच्या रेझोल्यूशन-स्थळांमध्ये अदलाबदल घडवून जोड सोडवते, आणि शेवटी दोन्ही रेप्लिकॉनांवर टीएन21ची एकेक प्रत राहते. मूळ जागा रिकामी होत नाही. त्यामुळे गुणसूत्रावर बसलेला टीएन21 पेशीत नुसत्या पाहुण्या म्हणून आलेल्या संयुग्मनक्षम प्लाझ्मिडावर आपली प्रत उतरवू शकतो, आणि ते प्लाझ्मिड पुढच्या पेशीत गेले की पोटातला इंटिग्रॉन, त्यातली कॅसेट आणि sul1 या सगळ्यांचा प्रवास एकाच खेपेत होतो. कॅसेट ‘गुणसूत्रावरून प्लाझ्मिडवर’ जाण्याचा हा नेहमीचा मार्ग आहे, आणि त्यात इंटिग्रेजचा काहीच वाटा नाही.

सर्वांत बाहेरचा थर आयएस1चा. या दोन प्रती एकाच दिशेने आहेत, त्यामुळे त्यांच्यात साधे समजातीय पुनर्संयोजन झाले तरी मधला 23 केबीचा तुकडा वर्तुळ होऊन सुटतो. ही गोष्ट प्रयोगशाळेत अगदी समोर दिसते. आर100 असलेल्या पेशी औषधाविना वाढवून त्यांच्या वसाहती प्रतिकृती-पद्धतीने वेगवेगळ्या औषधांच्या प्लेटांवर उतरवल्या, तर अधूनमधून अशी वसाहत सापडते जी क्लोरॅम्फेनिकॉल, स्ट्रेप्टोमायसिन, सल्फोनामाइड आणि पारा या चारही गोष्टींना एकदम संवेदनशील झाली आहे, पण टेट्रासायक्लिनवर मजेत वाढते. टीएन10 त्या तुकड्याबाहेर असल्यामुळे तो मागे राहिलेला असतो. चार प्रतिरोध एकदम जाणे आणि पाचवा टिकणे, ही अशा रचनेची ठसठशीत खूण आहे. उलट दिशेचेही उदाहरण आहे: प्रोटियस मिराबिलिसमध्ये हेच प्लाझ्मिड ठेवून क्लोरॅम्फेनिकॉलसारख्या औषधाच्या दाबाखाली वाढवले, की या तुकड्याच्या अनेक प्रती एकामागोमाग एक जोडल्या जातात आणि प्रतिरोधाची पातळी चढते.

इथे एक मार्ग सांगायचा राहिला, जो पाठ्यपुस्तकांत फार कमी जागा घेतो पण प्रत्यक्षात माझ्या मते इंटिग्रेजपेक्षा जास्त काम करतो. पहिल्या वर्गाच्या सगळ्या इंटिग्रॉनांची डावी बाजू जवळपास तंतोतंत सारखी आहे आणि बहुतेकांची उजवी बाजूही सारखी आहे. एका पेशीत दोन प्लाझ्मिडे आली आणि दोन्हींवर असे इंटिग्रॉन असले, तर पेशीचे नेहमीचे रेक-ए प्रथिन या दोन सारख्या बाजूंमध्ये दोन ठिकाणी पुनर्संयोजन घडवू शकते, आणि मधली कॅसेटींची पूर्ण रांग एका झटक्यात बदलते. त्यामुळे dfrA17 आणि aadA5 अशी जोडी वेगवेगळ्या खंडांत, वेगवेगळ्या प्लाझ्मिडांवर, जशीच्या तशी सापडते. ती जोडी प्रत्येक ठिकाणी नव्याने जमली असे मानायचे कारण नाही. एकदा जमलेली रांग अखंड फिरत राहिली आहे.

आता साठण्याचा प्रश्न. एक कारण निवडीचे आहे आणि ते सरळ आहे: प्लाझ्मिडवरच्या कोणत्याही एका जनुकाला दाब मिळाला, तर बाकीची सगळी टिकतात. आर100च्या बाबतीत पाऱ्याचे क्षार जंतुनाशकांत वापरले जात होते तोवर तेही स्ट्रेप्टोमायसिनचा प्रतिरोध राखायला पुरेसे होते. दुसरे कारण जागेचे आहे आणि ते कमी सांगितले जाते. प्लाझ्मिडवर बेलाशक शिरण्यासारखी जागा थोडीच असते. प्रतिकृतीच्या जनुकांत काही शिरले तर प्लाझ्मिड मरते, संयुग्मनाच्या जनुकांत शिरले तर त्याचा प्रसार थांबतो, आणि दोन्ही प्रसंगी आपल्याला तो प्रसंग कधी दिसतच नाही. आधी शिरलेल्या ट्रान्सपोझॉनाच्या पोटात शिरणे मात्र निरुपद्रवी असते. म्हणून नवे जुन्याच्या आत बसत जाते आणि प्लाझ्मिडचा एकच भाग फुगत जातो, सांगाडा जसाच्या तसा राहतो.

आजच्या प्लाझ्मिडांत या फुगण्यामागे सर्वांत मोठा हात आयएस26चा आहे. हा फक्त 820 बेस-जोड्यांचा घटक आहे. तो प्रत काढून कुठेही शिरू शकतो आणि तेव्हा 8 बेस दुहेरी होतात. पण 2014मध्ये हार्मर आणि हॉल यांच्या गटाने दाखवले की लक्ष्यावर आयएस26ची एक प्रत आधीच असेल, तर दुसरा आयएस26 तिच्याशी थेट जोडला जातो; यात नवी प्रत निघत नाही, बेस दुहेरी होत नाहीत, आणि हे पहिल्या प्रकारापेक्षा कितीतरी पटींनी अधिक वेळा घडते. आयएस26ची एक प्रत आणि तिच्यामागे एखादे प्रतिरोध-जनुक असे वर्तुळ सुटते आणि दुसऱ्या प्लाझ्मिडवरच्या आयएस26शेजारी बसते. परिणाम असा की आयएस26, जनुक, आयएस26, दुसरे जनुक, आयएस26 अशी माळ तयार होते. पहिला आयएस26 आला की पुढच्यांसाठी ठिकाण ठरून जाते. इंटिग्रॉनच्या उजव्या बाजूत आयएस26 घुसून sul1 कापून टाकतो, असेही सर्रास दिसते, आणि त्याचा तुमच्या पीसीआरवर थेट परिणाम होतो, त्याकडे येतो.

त्याआधी एक इशारा भारतातल्या प्रयोगशाळांसाठी. एनडीएम हे कार्बापेनेमेजचे जनुक कॅसेट नाही. त्याला अ‍ॅट-सी नाही. त्याच्या आधी आयएस-एबीए125 हा घटक पूर्ण किंवा तुटलेला असतो आणि पुढे ब्लिओमायसिन-प्रतिरोधाचे जनुक असते. व्हीआयएम आणि आयएमपी या कार्बापेनेमेजांची जनुके मात्र खऱ्या अर्थाने कॅसेटी आहेत. एनडीएमच्या प्लाझ्मिडावर पहिल्या वर्गाचा इंटिग्रॉनही असतो, त्यामुळे दोन्ही पीसीआर सकारात्मक येतात आणि ‘इंटिग्रॉनवाहित एनडीएम’ असे वाक्य लिहिले जाते. एकाच प्लाझ्मिडवर असणे आणि एकाच घटकावर असणे या दोन गोष्टी वेगळ्या आहेत.

आता तुमचा बँड. तुमचे प्रायमर बहुधा 1995पासून वापरात असलेले हेच असतील:

```
5'-CS  GGCATCCAAGCAGCAAG
3'-CS  AAGCAGACTTGACCTGA
```

रिकाम्या इंटिग्रॉनवर ही जोडी सुमारे 150 बेस-जोड्यांचा तुकडा देते. आर100वर त्यात 856ची कॅसेट मिळवली की सुमारे 1 केबी होतात, आणि प्रत्यक्षात तेवढाच बँड येतो. नियंत्रण म्हणून आर100 असलेला स्ट्रेन ठेवणे म्हणूनच सोयीचे आहे. तुमच्या 1.6 केबीत दोन कॅसेटी बसतात. dfrA1 आणि aadA1 ही जोडी सुमारे 1.6 केबी देते, आणि dfrA17 आणि aadA5 ही जोडी 1.7च्या किंचित खाली. साध्या अ‍ॅगरोज जेलवर हा फरक भरवशाचा नाही, म्हणून बँड कापून दोन्ही टोकांकडून अनुक्रम काढावा. दोन्ही जोड्यांत ट्रायमेथोप्रिमची कॅसेट पुढे आणि स्ट्रेप्टोमायसिनची मागे आहे, आणि ते तुमच्या चाचणीशी जुळते.

मात्र बँड आला म्हणजे तो इंटिग्रॉन प्लाझ्मिडवरच आहे, असे सिद्ध होत नाही. दाता पेशीत गुणसूत्रावर एक आणि प्लाझ्मिडवर एक असे दोन इंटिग्रॉन असू शकतात, आणि पीसीआरला लहान तुकडा अधिक आवडतो. म्हणून तोच पीसीआर ग्राहकाच्या, म्हणजे ट्रान्सकॉन्जुगंटच्या डीएनएवर करावा, आणि निवड एका औषधावर करून बाकीच्या सगळ्या प्रतिरोधांची नोंद निवड न करता तपासावी. उलट बँड आला नाही तरी इंटिग्रॉन नाही असे म्हणता येत नाही. आयएस26ने उजवी बाजू कापलेली असेल, किंवा sul1च्या जागी sul3 असलेला प्रकार असेल, तर 3'-सीएसला चिकटायला जागाच नसते. रांग चार-पाच कॅसेटींची झाली तर नेहमीचे टॅक पॉलिमरेज तिथपर्यंत पोचत नाही. अशा वेळी intI1चा वेगळा पीसीआर सकारात्मक आणि कॅसेटींचा नकारात्मक येतो, आणि हा जोडनिकाल फेकून न देता नोंदवावा.

पूर्ण रचना हवी असेल तर 150 बेसांच्या छोट्या वाचनांवर अवलंबून राहू नका. आयएस26ची एक प्रतही अशा वाचनापेक्षा पाचपट लांब आहे. प्लाझ्मिडवर तिच्या चार प्रती असतील तर जुळवणीत त्या एकावर एक कोसळतात आणि प्रत्येक प्रतिरोध-जनुक वेगळ्या तुकड्यावर लटकते. जनुकांची यादी बरोबर येते, पण कोण कोणाच्या पोटात आहे ते कळत नाही. लांब वाचने घेऊन वर्तुळ बंद करा, मग कॅसेटी ओळखायला पुढची आज्ञा पुरते:

```
integron_finder --local-max --func-annot --promoter-attI plasmid.fasta
```

तिच्या निकालात इंटिग्रेज, अ‍ॅट-आय आणि प्रत्येक अ‍ॅट-सी वेगळे दिसते. त्यानंतरचे काम हाताने करावे लागते आणि ते कोणत्याही प्रोग्रामवर सोडू नये, असे माझे मत आहे. प्रत्येक घटकाच्या दोन टोकांना लागून असलेले बेस लिहून काढा. 38 बेसांच्या टोकांबाहेर तेच 5 बेस दोन्हीकडे मिळाले, तर टीएन21सारखा घटक त्या ठिकाणी थेट शिरलेला आहे. आयएस26च्या दोन्हीकडे तेच 8 बेस मिळाले, तर तो एकटा आलेला आहे. ते जुळले नाहीत, पण एका आयएस26च्या डावीकडचे 8 बेस शेजारच्या दुसऱ्या आयएस26च्या उजवीकडे सापडले, तर मधला तुकडा आयएस26च्याच हालचालीने तिथे आलेला आहे. आणि टीएन21च्या कोणत्याच टोकाशी जोडी जमली नाही, तर त्यानंतर तिथे पुनर्संयोजन किंवा लोप झालेला आहे. त्या घटकाची उडी कुठून झाली याबद्दल मग अनुक्रमावरून काही ठाम लिहू नये.